सेप्टिक टँकचा खड्डा आणि मातीचा हिशेब: साइटवरच्या नोंदी

१२ नोव्हेंबर

पायाचे चर आज खणून संपले. घर लहान आहे. भिंतींच्या मध्यरेषेवर मोजलं तर ८ मीटर बाय ६ मीटर, आणि मधे ६ मीटरची एक आडवी भिंत. चर ०.९ मीटर रुंद, १.२ मीटर खोल. मध्यरेषेची बेरीज २८ अधिक ६, म्हणजे ३४ मीटर होते. आडवी भिंत दोन ठिकाणी बाहेरच्या चराला जाऊन भिडते, आणि तिथे अर्ध्या रुंदीचा तुकडा दोनदा मोजला जातो. प्रत्येक सांध्याला ०.४५ वजा केले की लांबी ३३.१ मीटर उरते. ३३.१ गुणिले ०.९ गुणिले १.२, म्हणजे ३५.७ घनमीटर. चारही बाहेरचे कोपरे मध्यरेषेनेच बरोबर येतात, तिथे काही वजा करायचं नसतं. वजाबाकी फक्त टी आकाराच्या सांध्याला.

प्लॉट अरुंद असल्यामुळे माती ट्रॅक्टरने मागच्या मोकळ्या जागेत नेऊन टाकली. काका (घराचे मालक) सकाळपासून खेपा मोजत होते. संध्याकाळी वही पुढे करून म्हणाले, "साहेब, ट्रॉलीत पावणेतीन घनमीटर मावते असं तुम्हीच सांगितलंत. पस्तीस घनमीटरच्या चराला तेरा खेपा पुरतात. इथे अठरा कशा झाल्या?"

प्रश्न रास्त आहे. हौदा मी स्वतः मोजला होता: आतून ३ मीटर लांब, १.८ रुंद, ०.५ उंच, काठोकाठ २.७ घनमीटर. खेपा अठराच झाल्या, त्याही मी पाहिल्या. माती खणली की फुगते हे काकांनाही माहीत आहे. किती फुगते ते कोणी मोजून दाखवलेलं नाही. "पंचवीस-तीस टक्के धरतात" एवढं सांगून मला सुटायचं नव्हतं. सेप्टिक टँकचा खड्डा अजून व्हायचा आहे, आणि त्यात हा प्रश्न याहून अवघड होणार आहे, कारण तिथली बरीच माती परत भरायची आहे.

१३ नोव्हेंबर

आज फुगवटा मोजला. सेप्टिक टँकच्या आखणीच्या आत, वरची भुसभुशीत अर्धी वीत बाजूला काढून, घट्ट चिकण मातीत एक लहान खड्डा घेतला. साधारण ४० सेंटिमीटर लांब-रुंद आणि तेवढाच खोल. कुदळीने खणताना निघालेला कण न् कण ताडपत्रीवर घेतला. मग खड्ड्यात पातळ प्लास्टिकचा कागद सैल सोडला, हाताने कोपऱ्याकोपऱ्यात बसवला आणि लिटरच्या मापाने पाणी ओतायला लागलो. खड्ड्यावर आडवी पट्टी ठेवली होती. पाणी पट्टीच्या खालच्या कडेला टेकलं तेव्हा ६० लिटर झालं होतं. ही मातीची जमिनीत असतानाची जागा. खड्डा कितीही वेडावाकडा असला तरी पाणी बरोबर माप देतं. टेपने मोजलं असतं तर इतक्या लहान खड्ड्यात पाच-सात लिटरची चूक सहज झाली असती.

मग ताडपत्रीवरची माती २० लिटरच्या बादलीने मोजली. बादली फावड्याने सैल भरायची, आपटायची नाही, वरून पट्टी फिरवायची. बरोबर चार बादल्या झाल्या. ८० लिटर.

एका खड्ड्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून आणखी दोन घेतले. दुसऱ्यात पाणी ४५ लिटर आणि माती ६१, तिसऱ्यात पाणी ५२ आणि माती ६८. तिन्ही मिळून जागेवरची १५७ लिटर माती सुटी होऊन २०९ लिटर झाली. २०९ भागिले १५७ म्हणजे १.३३. ही माती खणली की ३३ टक्के फुगते.

काका शेजारी उभं राहून बादल्या मोजत होते. कालच्या ३५.७ ला १.३३ ने गुणलं तर ४७.५ घनमीटर सुटी माती येते आणि २.७ ने भागलं तर १७.६ खेपा. अठरावी खेप अर्धवट होती, हेही त्यांना आठवलं. वहीतल्या आकड्यावर त्यांनी बरोबरची खूण केली.

या चाचणीची एक मर्यादा लिहून ठेवतो. चिकण माती ढेकळांनी निघते. मोठं ढेकूळ लहान बादलीत नीट बसत नाही, कडेला पोकळी राहते आणि फुगवटा जास्त दिसतो. ढेकळं फोडून भरली तर उलट कमी दिसतो. म्हणून ढेकूळ जसं निघालं तसंच ठेवायचं आणि माप शक्य तेवढं मोठं घ्यायचं. मशीनच्या बकेटने निघणारी ढेकळं कुदळीपेक्षा मोठी असतात, तेव्हा मोठ्या ढिगावर हा आकडा पुन्हा तपासणार आहे.

मुकादमांनी विचारलं, "ही माती पावसात फुगते, तो फुगवटा म्हणजे हाच का?" नाही. चिकण माती पाणी पिऊन फुगते ती वेगळी गोष्ट, तिथे मातीचा कण न् कण पाणी धरतो. इथे माती तीच आणि तेवढीच आहे, फक्त ढेकळांच्या मधे हवा शिरली. वजन एका किलोनेही बदललेलं नाही.

१५ नोव्हेंबर

सेप्टिक टँकच्या खड्ड्याचं मोजमाप. आराखड्यात टाकी आतून २.४ बाय १.२ मीटर आहे आणि आतली उंची १.८ मीटर. काकांनी हे आकडे गुणून ५.२ घनमीटर काढून ठेवले होते. "दोनच खेपांची माती" असं ते घरी सांगून आले आहेत.

टाकी म्हणजे खड्डा नाही, हे मी त्यांना आज दगडी फरशीवर खडूने काढून दाखवलं. भिंत ०.२३ मीटर जाडीची, म्हणजे बाहेरून टाकी २.८६ बाय १.६६ झाली. गवंड्याला बाहेरून उभं राहून दर्जा भरायच्या आहेत, गिलावा करायचा आहे. त्याला प्रत्येक बाजूला ०.४५ ते ०.५ मीटर जागा लागते. तळाचं माप ३.८ बाय २.६ धरलं. खोली अशी: तळाचं साधं काँक्रीट ०.१०, तळाचा स्लॅब ०.१५, आतली उंची १.८०, वरचा स्लॅब ०.१५. एकूण २.२ मीटर, वरचा स्लॅब जमिनीलगत.

उभ्या कडांनी धरलं तर ३.८ × २.६ × २.२ = २१.७ घनमीटर. पाचावरून एकवीसवर आलो, आणि अजून फुगवटा लावलेलाही नाही.

पण २.२ मीटर खोल खड्ड्याच्या कडा उभ्या ठेवायच्या नाहीत. दीड मीटरच्या पुढे, खाली माणूस उतरणार असेल तर कडेला उतार हवा नाहीतर फळ्यांचा आधार हवा. चिकण माती पहिल्या दिवशी भिंतीसारखी उभी दिसते आणि तिसऱ्या दिवशी एकदम तुटून पडते. इथे वर १.२ मीटर चिकण माती आहे आणि खाली घट्ट मुरूम, असं शेजारच्या विहिरीच्या कडेवरून दिसतं. म्हणून ठरवलं की खालचा १ मीटर मुरुमात उभा ठेवायचा आणि वरच्या १.२ मीटरला ४५ अंशांचा उतार द्यायचा. जेवढी खोली तेवढंच बाहेर जायचं. वरचं तोंड मग ३.८ अधिक २.४, म्हणजे ६.२ मीटर लांब आणि २.६ अधिक २.४, म्हणजे ५ मीटर रुंद.

खालच्या भागाचा हिशेब सरळ आहे: ३.८ × २.६ × १ = ९.९ घनमीटर.

वरच्या उताराच्या भागात नेहमी घोळ होतो. बरेच जण तळाचं क्षेत्रफळ आणि तोंडाचं क्षेत्रफळ यांची सरासरी काढून खोलीने गुणतात: (९.८८ + ३१.०) भागिले २, गुणिले १.२, म्हणजे २४.५. काही जण लांबी-रुंदीची सरासरी घेतात: ५.० × ३.८ × १.२, म्हणजे २२.८. दोन्ही चुकतात. पहिला जास्त देतो, दुसरा कमी. अचूक उत्तरासाठी तळ, तोंड आणि मधली पातळी अशी तीन क्षेत्रफळं लागतात आणि मधल्याला चौपट वजन:

```
आकारमान = खोली/६ × (तळ + ४ × मधलं + तोंड)
        = १.२/६ × (९.८८ + ४ × १९.० + ३१.०)
        = ०.२ × ११६.८८ = २३.४ घनमीटर
```

मधलं क्षेत्रफळ म्हणजे तळ आणि तोंड यांच्या क्षेत्रफळांची सरासरी नव्हे. मधल्या पातळीवर लांबी-रुंदी किती येते ते काढून मग गुणायचं. इथे ती ५.० आणि ३.८.

एकूण ९.९ अधिक २३.४, म्हणजे ३३.३ घनमीटर. उभ्या कडांच्या खड्ड्यापेक्षा दीडपटीहून थोडी जास्त. फुगवट्यावर लोक वाद घालतात, पण इथे उतारानेच जास्त माती वाढवली. पाच घनमीटरची टाकी आणि तेहतीस घनमीटरची खोदाई! काका खडूच्या आकृतीकडे बराच वेळ बघत राहिले.

१६ नोव्हेंबर

माती ठेवायची कुठे, हा आजचा प्रश्न. चिकण मातीला मोजलेला १.३३, मुरूम अजून हाती लागला नाही म्हणून सध्या १.३० धरला. २३.४ ची ३१.१ आणि ९.९ ची १२.९. एकूण ४४ घनमीटर सुटी माती. साडेपंधरा ब्रास. (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. ट्रॅक्टरवाले ज्याला एक ब्रासची ट्रॉली म्हणतात ती आमच्या मापाने ०.९५ ब्रास भरली.)

सुटी माती साधारण ३५ ते ३७ अंशांत उभी राहते. तेवढ्या उताराने ३१ घनमीटरचा एकच शंकू केला तर तो तळाला पावणेसात मीटर व्यासाचा आणि अडीच मीटर उंच होतो. खड्ड्याचं तोंड ६.२ बाय ५ आणि शेजारी एवढा ढीग, वर मशीनला फिरायला जागा. मुरूम वेगळा ठेवायचा आहे, तो टाकीच्या भोवती भरायला लागेल. चिकण माती टाकीच्या भिंतीला चिकटून भरली तर ती ओली झाल्यावर भिंतीला रेटते, वाळल्यावर भेगा पाडून सुटते. म्हणून दोन ढीग. पूर्वेला चिकण माती, उत्तरेला मुरूम. दोन्ही ढिगांचे पाय खड्ड्याच्या काठापासून किमान दीड मीटर दूर, तशी फक्कीने रेघ मारून ठेवली.

मुकादमांचं म्हणणं, खोदाईच्या दिवशीच अर्धी माती बाहेर पाठवू, ट्रॅक्टर तसाही आलेला असेल. मी नाही म्हटलं. कारण उद्या सविस्तर लिहितो, आज अंधार पडला.

१७ नोव्हेंबर

कालचा मुद्दा. मातीची तीन मापं असतात: जमिनीत असतानाची जागेवरची, खणल्यावरची सुटी, आणि परत भरून ठोकल्यावरची दाबलेली. तीनही घनमीटरमध्येच लिहितात, म्हणून गोंधळ होतो. माझी पद्धत अशी की वहीत फक्त जागेवरचं माप चालवायचं. खड्ड्यातून किती निघाली, भरावात किती गेली, ट्रॉलीतून किती गेली, सगळं जागेवरच्या मापात. सुटं माप फक्त ढीग आणि ट्रॉलीपाशी वापरायचं, दाबलेलं फक्त भरावापाशी.

ट्रॉलीच्या मापावरून जागेवरच्या मापावर परत येताना भागायचं असतं, वजा करायचं नसतं. २.७ घनमीटर सुटी चिकण माती म्हणजे २.७ भागिले १.३३, २.०३ घनमीटर जागेवरची. "तेहतीस टक्के फुगली, तेहतीस टक्के कमी करा" असं केलं की १.८१ येतं, आणि दहा खेपांत दोन घनमीटरहून जास्त माती कागदावरून नाहीशी होते. ३३ टक्के फुगलेल्या मातीला परत आणायला २५ टक्केच कमी करावे लागतात.

आता अर्धी माती पाठवण्याचा हिशेब. खड्डा ३३.३, टाकी बाहेरून २.८६ × १.६६ × २.२ = १०.४. म्हणजे २२.९ घनमीटर पोकळी परत भरायची आहे, आणि ती ठोकून भरायची आहे. यंत्राने ठोकलेला भराव जागेवरच्या मातीपेक्षाही थोडा घट्ट होतो. चिकण माती जागेवरची १ घनमीटर घेतली तर साधारण ०.९० उरते, मुरूम ०.९५. म्हणजे २२.९ च्या पोकळीत जागेवरच्या मापाने जवळजवळ २५ घनमीटर माती जाणार. ३३ पैकी २५! अर्धी माती आज पाठवली तर डिसेंबरात आठ घनमीटर माती कुठून तरी परत आणावी लागेल.

मुकादम समजूतदार आहेत. ट्रॅक्टर रद्द केला.

१८ नोव्हेंबर

खोदाई. मशीन सकाळी लागलं. चिकण माती सुटसुटीत निघाली, अकराच्या सुमाराला मुरूम लागला. १.२ मीटरला, अंदाज बरोबर. मुरुमातल्या एका घट्ट जागी पाण्याची चाचणी केली: पाणी ४० लिटर, माती ५१. फुगवटा १.२८.

दुपारी एक गोष्ट झाली, ती नीट नोंदवतो. पूर्वेची कड ऑपरेटरने ४५ अंशांत न कापता जवळजवळ उभी कापली, आणि चिकण मातीचा ढीगही फक्कीची रेघ ओलांडून काठापासून हातभर अंतरावर आणला. जेवून परत आलो तेव्हा काठाशी समांतर एक भेग दिसली. काठापासून साधारण ४० सेंटिमीटर आत, दोन मीटर लांब. रुंदी एवढी की नाणं उभं आत जावं. भेगेच्या दोन्ही बाजूंना खडूच्या दोन खुणा केल्या आणि टेप लावून बसलो. अर्ध्या तासात खुणांमधलं अंतर तीन मिलिमीटरने वाढलं. कड सुटत होती.

खाली कोणी नव्हतं. कोणालाही उतरू दिलं नाही. ऑपरेटरला आधी ढीग मागे ओढायला लावला, मग दुसऱ्या बाजूने बकेट टाकून भेगेसकट ती कड उतरवून ४५ अंशांवर आणली. भेग काठाला समांतर असेल तर ती वाळल्याची भेग नसते. वाळल्याची भेग जाळीसारखी वेडीवाकडी फिरते. समांतर भेग म्हणजे तिच्या खड्ड्याकडच्या बाजूचा तुकडा घसरायला लागला आहे.

१९ नोव्हेंबर

मोजणी. खड्ड्याची खोली पाण्याच्या नळीने पातळी घेऊन पाच ठिकाणी मोजली. २.३० निघाली, हवी होती २.२०. मशीनने तळ दहा सेंटिमीटर जास्त उपसला. दात असलेल्या बकेटने शेवटचा थर घेतला की असं होतं. शेवटचे १० ते १५ सेंटिमीटर हाताने काढायचे असं सांगायला हवं होतं, मी ते विसरलो.

जास्त खणलेल्या तळात माती परत टाकून सपाट करायची नाही. कितीही ठोकली तरी टाकीच्या खाली ती बसते आणि तळाचा स्लॅब तडकतो. टाकीखाली ही खोली साध्या काँक्रीटनेच भरायची. ३.०६ × १.८६ × ०.१० म्हणजे ०.५७ घनमीटर काँक्रीट जास्त. खोदाईत ९.८८ × ०.१० म्हणजे १ घनमीटर मुरूम जास्त निघाला.

बाकी कडा दुरुस्तीनंतर आखणीशी जुळल्या. वहीत आता चिकण माती २३.४ आणि मुरूम १०.९, एकूण ३४.३ घनमीटर, जागेवरच्या मापात.

मग ढीग तपासला. चिकण मातीच्या ढिगाचा आकार बऱ्यापैकी शंकूसारखा आहे. पायथ्याभोवती दोरी फिरवली, परीघ २२ मीटर. उंची मोजायला एक काठी उभी धरली आणि माथ्यापासून नळीने पातळी आणली, २.४ मीटर. व्यास मोजायला ढिगाच्या आरपार जाता येत नाही, म्हणून परिघावरूनच:

```
आकारमान = परीघ × परीघ × उंची / ३७.७
        = २२ × २२ × २.४ / ३७.७ = ३०.८ घनमीटर
```

३७.७ म्हणजे १२ गुणिले π, म्हणजे १२ गुणिले ३.१४. चाचणीवरून अपेक्षित होती २३.४ × १.३३ = ३१.१. मशीनची ढेकळं मोठी असली तरी एवढ्या ढिगात खालचा थर वरच्या वजनाने दबतो, दोन्ही गोष्टी एकमेकींना फेडतात असं दिसतं. बादलीचा आकडा टिकला याचा मला मनापासून आनंद झाला.

२७ नोव्हेंबर

तळाचं काँक्रीट आणि स्लॅब झाले, भिंती चालू आहेत. दोन रात्री पाऊस झाला. खड्ड्यातलं पाणी पंपाने काढलं.

आज काका थोडे अस्वस्थ होते. ढीग लहान झाला, रात्री कोणी माती नेली का, असं विचारत होते. पुन्हा दोरी फिरवली. परीघ २२.३, उंची २.१. म्हणजे २७.७ घनमीटर. आठ दिवसांत ३.१ घनमीटर कमी, एका ट्रॉलीहून जास्त. पण ढिगाच्या पायाशी ना टायरचा माग, ना फावड्याचा कापा. पृष्ठभाग सगळीकडे सारखा गुळगुळीत. पाण्याने ढेकळं विरघळली आणि मधल्या हवेच्या पोकळ्या मातीने भरल्या. जागेवरच्या मापात ती माती अजून २३.४ आहे. आता या ढिगाचा फुगवटा २७.७ भागिले २३.४, म्हणजे १.१८. पण फावड्याने ट्रॉलीत भरली की ती परत सुटी होते आणि १.३३ च्या जवळ जाते. म्हणून बसलेल्या ढिगाच्या मापावरून खेपा काढल्या तर कमी पडतात.

कोणाचं समाधान होत नसेल तर मार्ग वजनाचा. ट्रॉली वजनकाट्यावर नेली की आकारमानाचा वादच उरत नाही. जागेवरच्या एक घनमीटरचं वजन आधी काढून ठेवलेलं हवं. काकांना त्याची गरज वाटली नाही.

९ डिसेंबर

टाकी पूर्ण. बाहेरचा गिलावा वाळला. आत पाणी भरून एक दिवस ठेवलं, पातळी हलली नाही. पाणी आतच ठेवणार आहे, कारण बाहेरून भराव ठोकताना रिकाम्या टाकीच्या भिंती आत दबू शकतात.

भरावाचा हिशेब. पोकळी: ३४.३ वजा टाकीचे १०.४ वजा जादा काँक्रीटचे ०.६, म्हणजे २३.३ घनमीटर. मुरूम १०.९ आहे, तो ठोकून १०.४ होईल. उरलेली १२.९ चिकण मातीने भरायची, ०.९० ने भागून १४.३ घनमीटर जागेवरची लागेल. शिल्लक २३.४ वजा १४.३, म्हणजे ९.१.

टाकीच्या आकाराएवढी माती उरते असा समज आहे. इथे टाकी आणि काँक्रीट मिळून ११ होतात, उरणार ९.१. हा फरक ठोकण्यात गेला.

१२ डिसेंबर

तीन दिवस भराव चालू. थर सुट्या मापात २० सेंटिमीटर, चारही बाजूंनी सारखा चढवत. एका बाजूला मीटरभर भरून दुसरी मोकळी ठेवली तर भिंत एकतर्फी दाबली जाते. मुरूम टाकीच्या अंगाला, चिकण माती उताराकडे. अरुंद जागेत उडता रॅमर चालतो, कोपऱ्यांत धुम्मस.

ओलावा मुठीवर तपासला. माती मुठीत दाबून गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर दोन-तीन तुकडे व्हावेत. हाताला चिखल लागला तर ओली, गोळाच झाला नाही तर कोरडी. कोरडी माती कितीही ठोकली तरी बसत नाही, पुढच्या पावसात बसते.

प्रत्येक थराला भिंतीवर खडूची रेघ मारून बसण मोजत होतो. मुरूम २० चा १५ झाला, चिकण माती २० ची १४. मुरूम: ०.७५ × १.२८ = ०.९६. चिकण माती: ०.७० × १.३३ = ०.९३. म्हणजे चिकण माती अंदाजापेक्षा थोडी कमी दबली. तिथे ठोकणं कमी पडलं की ओलावा जास्त होता ते पाहिलं. वरचे दोन थर ओलेच होते. ते उकरून दुपारभर वाळवले आणि पुन्हा ठोकले, मग १३.५ वर आले.

१४ डिसेंबर

भराव जमिनीपर्यंत आला. चिकण माती जागेवरच्या मापाने १३.९ घनमीटर लागली, शिल्लक ९.५. ट्रॉलीच्या मापात १२.६.

मुकादम म्हणाले, "आता तरी सगळी नेऊ का?" एक ट्रॉलीभर, २.७ घनमीटर, राखून ठेवायला सांगितली. बाकी ९.९ पाठवली. चार खेपा झाल्या, शेवटची पाऊण भरलेली. काकांनी वहीत चार लिहून पुढे "पाऊण" असं स्वतःच लिहिलं.

२० जानेवारी

महिन्याभरात भरावावर दोनदा पाणी सोडून पाहिलं. टाकीच्या भोवती पट्टी ठेवून मोजलं. सरासरी ३ सेंटिमीटर बसण, पूर्वेच्या बाजूला ४. टाकी सोडून भरावाचं तोंड २६ चौरस मीटर आहे, म्हणजे ०.८ घनमीटर दाबलेली माती हवी. सुट्या मापात साधारण १.२. राखून ठेवलेल्या ढिगातून घमेल्यांनी भरली, ठोकली, आणि पाणी बाहेर जाईल असा उतार दिला. ढिगात अर्ध्याहून थोडी जास्त माती अजून आहे. पूर्वेची बाजू पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायची आहे, तोवर ती तिथेच राहील.